पार्किंगचे किती होतील?

साताऱ्याचे एक कुटुंब शुक्रवारी पहाटे पुण्याच्या विमानतळावर गाडी लावून दिल्लीला लग्नाला जाणार आहे आणि रविवारी दुपारी परतणार आहे, असे समजू. आदल्या रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने पार्किंगच्या दरफलकाचा स्क्रीनशॉट टाकला. खाली मामांचा प्रश्न आला, ‘म्हणजे आपले किती होतील?’ पाच मिनिटांत चार उत्तरे आली. एकाचे चारशे, दुसऱ्याचे हजार-पन्नास, तिसऱ्याचे बाराशे, आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या मावशींचे सोळाशे नव्वद. बेरीज-गुणाकारात कोणीही चुकलेले नाही. फलक एकच, आकडे तेच, पण प्रत्येकाने त्या चार ओळी आपापल्या पद्धतीने वाचल्या आहेत.

फलकावर चारचाकीसाठी असे लिहिले आहे:

३० मिनिटांपर्यंत : ४० रुपये
३० मिनिटे ते २ तास : १०० रुपये
त्यापुढे प्रत्येक तास किंवा त्याचा भाग : ३० रुपये
२४ तासांसाठी कमाल : ४०० रुपये

हे दर कोणत्याही एका विमानतळाचे नाहीत. हिशेब सोपा जावा म्हणून इथे घेतले आहेत. रचना मात्र ओळखीची आहे. विमानतळ, मोठी रेल्वे स्थानके, मॉल, रुग्णालये अशा ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच चार भाग दिसतात: सुरुवातीचा छोटा टप्पा, मग एक मोठा टप्पा, मग तासाचा दर आणि शेवटी दिवसाची कमाल मर्यादा.

हिशेबाची सुरुवात पैशांपासून नाही, वेळेपासून होते. गाडी शुक्रवारी पहाटे ५.४० ला आत जाणार आहे आणि रविवारी दुपारी १२.२५ ला बाहेर पडणार आहे. इथे बहुतेक जण ‘शुक्रवार, शनिवार, रविवार, म्हणजे तीन दिवस’ असे बोटांवर मोजतात. पार्किंगचे यंत्र असे मोजत नाही. त्याला फक्त दोन नोंदी ठाऊक असतात, आत येतानाची आणि बाहेर जातानाची, आणि तो त्यांच्यातले अंतर काढतो. शुक्रवार ५.४० ते रविवार ५.४० हे अठ्ठेचाळीस तास झाले. तिथून दुपारी १२.२५ पर्यंत आणखी सहा तास पंचेचाळीस मिनिटे. एकूण मुक्काम चोपन्न तास पंचेचाळीस मिनिटांचा.

हे असे पूर्ण दिवसांच्या उड्या मारत मोजणे सर्वांत सुरक्षित. आत येण्याची वेळ धरायची, त्याच वेळेपर्यंत जेवढे पूर्ण दिवस बसतील तेवढे बसवायचे आणि उरलेला तुकडा शेवटी मोजायचा. मध्यरात्र ओलांडताना होणारी वजाबाकीची गडबड यात आपोआप टळते. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांतला गोंधळही चोवीस तासांच्या घड्याळात वेळ लिहिली की संपतो.

आता टप्पे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले ‘स्लॅब’. या शब्दाची आपल्याला सवय झाली आहे ती प्राप्तिकर आणि विजेच्या बिलामुळे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटला एक दर आणि एकशे एक ते तीनशे युनिटला दुसरा दर लागतो. एकशे वीस युनिट वापरले, तर शंभर युनिट पहिल्या दराने आणि वरचे वीसच दुसऱ्या दराने आकारले जातात. पार्किंगचा स्लॅब सहसा असा वागत नाही. ‘३० मिनिटे ते २ तास : १०० रुपये’ याचा अर्थ असा, की दीड तास थांबलात तर एकूण शंभर. आधीच्या टप्प्याचे चाळीस त्यात आलेच. ते वेगळे जोडायचे नसतात. आणि शंभर हा तासाचा दरही नाही, तो त्या पूर्ण टप्प्याचा भाव आहे.

फलकावर मात्र ‘एकूण’ असा शब्द क्वचितच असतो. मग कळायचे कसे? त्यासाठी फलकालाच उलटतपासणी घालता येते. समजा एखाद्या मॉलच्या फलकावर ‘२ तासांपर्यंत ५०, २ ते ४ तास ८०, ४ ते ६ तास १२०, ६ ते ८ तास १६०, दिवसाची कमाल मर्यादा २००’ असे आहे आणि गाडी पाच तास उभी होती. आकडे एकूण रकमेचे असतील तर १२० रुपये. आधीच्या टप्प्यांवर चढवायचे असतील तर ५०, ८० आणि १२० मिळून २५० होतात, आणि मर्यादा तर २०० ची आहे. म्हणजे पाच तासांतच मर्यादा ओलांडली जाते आणि सहा तासांनंतरची १६० रुपयांची ओळ कोणालाच कधी लागू होत नाही. जी ओळ कधी वापरात येऊच शकत नाही, ती कोणी रंगवून घेत नाही. तेव्हा आकडे एकूण रकमेचेच. फलकावरची प्रत्येक ओळ कोणत्या तरी गाडीच्या वाट्याला यायला हवी, ही कसोटी बहुतेक वेळा निकाल देते.

आपल्या फलकावर तिसरी ओळ वेगळ्या जातीची आहे. ‘त्यापुढे प्रत्येक तास’ म्हटले, की ती रक्कम खरोखरच वर चढवायची असते. म्हणजे दोन तासांचे १००, तीन तासांचे १३०, चार तासांचे १६०. ‘किंवा त्याचा भाग’ हे तीन शब्द बारीक अक्षरांत असले तरी पैसे तेच ठरवतात. तीन तास पाच मिनिटे झाली, तर ती पाच मिनिटेही पूर्ण तास धरली जातात आणि आकारणी चार तासांची होते. हिशेबात तास नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करायचे. सहा तास दहा मिनिटेही सातच आणि सहा तास पन्नास मिनिटेही सातच.

आता मावशींचे सोळाशे नव्वद कुठून आले ते दिसते. चोपन्न तास पंचेचाळीस मिनिटांचे पंचावन्न तास, त्यातले पहिले दोन तास शंभराचे, उरलेले त्रेपन्न तास तीस रुपयांनी १,५९०. बेरीज १,६९०. त्यांनी चौथी ओळ वाचलीच नाही. चारशे सांगणाऱ्याने ती ओळ वाचली, पण ‘२४ तासांसाठी’ हे शब्द सोडून फक्त ‘कमाल ४००’ धरले. गाडी महिनाभर ठेवली तरी चारशेच, असा त्याचा अर्थ होईल. इतके उदार कंत्राटदार अजून जन्माला यायचे आहेत.

कमाल मर्यादा काय करते, ते नीट पाहण्यासारखे आहे. आपल्या दरांत शंभर रुपयांनंतर दर तासाला तीस चढतात. चारशेला पोहोचायला तीनशे हवेत, म्हणजे दहा तास. दोन आणि दहा मिळून बारा. अकरा तास उलटून एक मिनिट झाले, की बारावा तास सुरू होतो आणि रक्कम चारशेला टेकते. तिथून चोवीस तास पूर्ण होईपर्यंत मीटर थांबलेला असतो. सकाळी गाडी लावून संध्याकाळी परतणाऱ्याने अकरा तासांच्या आत बाहेर पडण्याची घाई करण्यात अर्थ आहे. बाराव्या तासानंतर मात्र निवांत चहा प्यावा, रात्री उशिरापर्यंत एक रुपयाही वाढत नाही.

ही मर्यादा असते कशासाठी? एकाच आवारात दोन प्रकारचे लोक येतात. कोणी पाहुण्याला सोडून दहा मिनिटांत निघतो, कोणी गाडी ठेवून चार दिवस परगावी जातो. दारापाशीच्या जागा लवकर रिकाम्या व्हाव्यात म्हणून पहिले टप्पे महाग ठेवायचे, आणि तोच दर चार दिवस चालवला तर माणूस टॅक्सीने येईल म्हणून वर मर्यादा घालायची, असे हे दोन्ही बाजू सांभाळणारे गणित आहे. पैसे देऊन गाडी लावण्याची सुरुवात झाली तेव्हा यातले काहीच नव्हते. १९३५ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत रस्त्याकडेला पहिला पार्किंग मीटर बसला. त्याची पद्धत साधी होती. आधी पाच सेंटचे नाणे टाकायचे, तेवढ्या पैशांची वेळ विकत घ्यायची, आणि ती संपली की काटा संपल्याचे दाखवायचा. पैसे आधी, वेळ नंतर. किती होतील, हा प्रश्नच नव्हता. फाटकावर चिठ्ठी घेऊन आत जायचे आणि निघताना पैसे द्यायचे, ही पद्धत आली तेव्हा क्रम उलटला आणि हिशेब बाहेर पडण्याच्या क्षणावर येऊन ठेपला. आता तर फास्टॅगमधून रक्कम परस्पर कापली जाते आणि मोबाइलवर संदेश येतो तेव्हा गाडी फाटकाबाहेर गेलेली असते.

पुन्हा आपल्या कुटुंबाकडे. अठ्ठेचाळीस तासांचे दोन पूर्ण दिवस, म्हणजे ८०० रुपये. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो उरलेल्या सहा तास पंचेचाळीस मिनिटांचा, आणि याबद्दल फलक अवाक्षर काढत नाही.

पहिली पद्धत अशी, की चोवीस तास पूर्ण झाले की दरफलक पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो. जणू गाडी रविवारी पहाटे ५.४० ला नव्याने आत आली. सहा तास पंचेचाळीस मिनिटांचे सात तास, त्यांतल्या पहिल्या दोन तासांचे १०० आणि पुढच्या पाच तासांचे १५०, मिळून २५०. एकूण १,०५०. दुसऱ्या पद्धतीत सुरुवातीचे टप्पे फक्त पहिल्यांदा आत येताना लागतात. पुढे सरळ तासाचा दर चालतो. मग सात तासांचे २१० आणि एकूण १,०१०. तिसऱ्या पद्धतीत दिवस तुटत नाही. चोवीस तासांवर एक मिनिट झाले तरी पुढचा पूर्ण दिवस धरायचा, म्हणजे चारशे, आणि एकूण १,२००.

चौथ्या पद्धतीत दिवसाचा अर्थच बदलतो. काही ठिकाणी दिवस म्हणजे गाडी आत आल्यापासूनचे चोवीस तास नव्हेत, तर कॅलेंडरचा दिवस, मध्यरात्र ते मध्यरात्र. शुक्रवारी पहाटे ५.४० पासून मध्यरात्रीपर्यंत अठरा तास वीस मिनिटे होतात, रक्कम मर्यादेवर, ४००. शनिवार पूर्ण, ४००. रविवारी मध्यरात्रीपासून १२.२५ पर्यंत बारा तास पंचवीस मिनिटे, म्हणजे तेरा तास. शंभर आणि अकरा गुणिले तीस मिळून ४३०, पण मर्यादेमुळे ४००. एकूण पुन्हा १,२००. तिसऱ्या आणि चौथ्या पद्धतीचे उत्तर इथे सारखे आले, तो योगायोग आहे. हीच गाडी शुक्रवारी रात्री ११ ला आत आली असती, तर कॅलेंडरच्या पद्धतीत त्या एका तासालाच एक आख्खा ‘शुक्रवार’ मिळाला असता आणि त्याचे वेगळे शंभर रुपये लागले असते.

चारही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. उरलेल्या तुकड्याची रक्कमही मर्यादेपुढे जाऊ द्यायची नाही. हे कुटुंब दुपारऐवजी रविवारी रात्री ९.५५ ला परतले, तर पहिल्या पद्धतीत उरलेला तुकडा सव्वासोळा तासांचा, म्हणजे सतरा तासांचा होतो. टप्प्यांनी मोजले तर ५५०. पण पूर्ण दिवसाचेच चारशे असताना अपुऱ्या दिवसाचे साडेपाचशे होऊ शकत नाहीत. तिथे चारशेच धरायचे. हाताने हिशेब करणाऱ्यांची इथे हमखास चूक होते, कारण दोन दिवसांना मर्यादा लावली की ती लावून झाली असे वाटते.

घड्याळाला बांधलेली मर्यादा आणखी वेगळ्या रूपातही भेटते. सिंगापूरमध्ये सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, वाहनतळांवर रात्रीची मर्यादा असते. रात्री साडेदहा ते सकाळी सात या वेळेत जास्तीत जास्त पाच सिंगापूर डॉलर. मध्यवर्ती भागाबाहेर अर्ध्या तासाचा दर साठ सेंटचा. रात्री नऊला आलेली गाडी सकाळी सातला निघाली, तर नऊ ते साडेदहाचे तीन अर्धे तास एक डॉलर ऐंशी सेंटचे होतात. पुढच्या साडेआठ तासांचे दहा डॉलर वीस सेंट व्हायला हवेत, पण तिथे मर्यादा पाचवर अडवते. एकूण सहा डॉलर ऐंशी सेंट. अशा फलकावर किती वेळ थांबलो, एवढे पुरत नाही. कोणत्या वेळेत थांबलो, तेही लागते. मुक्कामाचे आधी खिडक्यांप्रमाणे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला त्याची मर्यादा लावायची आणि मग बेरीज करायची. एकूण तास काढून शेवटी एकदाच मर्यादा लावली तर उत्तर चुकते.

दिवसांचा हिशेब एकदा जमला, की राहतात त्या टप्प्यांच्या कडा. बरोबर दोन तास झाले तर शंभर की एकशे तीस? ‘२ तासांपर्यंत’ असे लिहिले असेल तर दोन तास आतच येतात. पण ‘० ते २’ आणि ‘२ ते ४’ असे लिहिले असेल तर दोन हा आकडा दोन्ही ओळींत आहे. बहुतेक यंत्रे बरोबर दोन तासांना खालच्या टप्प्यात ठेवतात. दोन तास एक मिनिट मात्र नक्की वर. प्रत्यक्षात कोणी बरोबर दोन तासांवर बाहेर पडत नाही, कारण वेळ गाडीपाशी पोहोचल्यावर थांबत नाही. ती फाटकावरच्या कॅमेऱ्याने पाटी टिपली, फास्टॅग वाचला गेला किंवा पावती यंत्रात गेली की थांबते. रविवारी संध्याकाळी तीन विमाने एकदम उतरली तर त्या रांगेतली पंधरा मिनिटेही मुक्कामातच धरली जातात. अंदाज करताना कडेच्या जवळ असाल, तर वरचा टप्पा धरावा.

काही ठिकाणी पैसे फाटकावर नाही, तर आतल्या यंत्रावर भरायचे असतात. पैसे भरल्यावर बाहेर पडायला ठरावीक मिनिटे मिळतात आणि ती टळली की मीटर पुढे चालू होतो. पावतीवर ही मुदत छापलेली असते. सामान, मुले आणि सापडत नसलेली गाडी यांच्या नादात ती कोणी वाचत नाही.

मोफत मिनिटांचाही असाच गैरसमज. ‘पहिली दहा मिनिटे मोफत’ याचा अर्थ बारा मिनिटांना दोन मिनिटांचेच पैसे, असा कोणी लावतो. तसे नसते. मोफत वेळ ही सवलत असते, वजावट नव्हे. दहा मिनिटांत बाहेर पडलात तर शून्य. अकराव्या मिनिटाला पहिल्या टप्प्याचे पूर्ण चाळीस रुपये, आणि वेळ आत आल्यापासूनच मोजली जाते. शिवाय ही मिनिटे एका मुक्कामाला एकदाच. दोन दिवस ठेवलेल्या गाडीला तिसऱ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटे मोफत मिळत नाहीत. कधी तर सवलतीची अट फलकावर नसून सरकारी आदेशात असते. तेलंगणात २०१८ च्या आदेशाने मॉल आणि मल्टिप्लेक्समध्ये पहिली तीस मिनिटे मोफत झाली. तासाभरापर्यंत खरेदीचे बिल दाखवले तर मोफत, आणि त्यापुढे बिलाची रक्कम पार्किंगच्या पैशांहून जास्त असेल तर मोफत. हैदराबादच्या मॉलचा फलक केवळ वाचून पैसे काढणारा तिथे चुकेल, कारण हिशेबात खिशातले बिलही मोजावे लागते.

पार्किंगच्या सेवेवर अठरा टक्के जीएसटी लागतो. फलकावरचे दर करासहित आहेत की कर वेगळा, हे तळाशी बारीक अक्षरांत असते. करासहित असतील तर १,०५० म्हणजे १,०५०. कर वेगळा असेल तर त्यावर १८९ चढून १,२३९ होतात. यातही क्रम महत्त्वाचा. आधी टप्पे, मग मर्यादा, मग कर. तासांच्या रकमेवर कर लावून मग चारशेची मर्यादा घातली, तर उत्तर कमी येते, कारण कर वेगळा असताना दिवसाची खरी मर्यादा चारशे नसून चारशे बहात्तर असते.

आणि हे सगळे ज्यावर उभे आहे, तो स्क्रीनशॉट? त्याच्याकडे संशयानेच पाहावे. दरफलक उभा, उंच आणि चमकणारा असतो. फोटो काढणारा मधले आकडे नीट यावेत म्हणून जवळ जातो आणि वरचे व खालचे काही तरी कापले जाते. वरच्या बाजूला असते वाहनाचा प्रकार आणि जागेचे नाव. मधला रकाना चारचाकीचा की टेम्पो-ट्रॅव्हलरचा, हे मग कळत नाही. दाराजवळच्या महागड्या जागेचा फलक आणि मागच्या बहुमजली वाहनतळाचा फलक एकाच रंगात असतात. खाली असतात टिपा: जीएसटी, हरवलेल्या पावतीचा दंड, ‘त्याचा भाग’, दिवस कसा मोजायचा, आणि दर कधीपासून लागू आहेत ती तारीख. नेमके जे फलक सांगत नाही म्हणून आपण डोके खाजवतो, ते पुष्कळदा फलकावर असते, फोटोत नसते.

अस्पष्ट आकड्यांवर उपाय आहे. टप्प्यांचे आकडे चढत जातात आणि सहसा ठरावीक अंतराने चढतात. तासातासाची यादी १००, १३०, ९६०, १९० अशी दिसत असेल, तर तिसरा आकडा १६० आहे हे उघड आहे. धूसर फोटोत देवनागरी एक आणि नऊ यांची अदलाबदल होते. इंग्रजी आकड्यांत तीच गत एक आणि साताची. रुपयाचे चिन्ह आकड्याला चिकटून आले तर पन्नासचे अडीचशे वाटू शकतात. एखादी ओळ शेजारच्या ओळींच्या चालीत बसत नसेल, तर दर विचित्र असण्यापेक्षा फोटो विचित्र असण्याची शक्यता जास्त. वेळेच्या रकान्यातला ‘०.३०’ हाही असाच फसवा. तो तीस मिनिटांसाठी लिहिलेला असतो, तासाच्या तीस शतांशांसाठी, म्हणजे अठरा मिनिटांसाठी नव्हे.

वारंवार गाडी ठेवणारे, विशेषतः कंपनीकडून पैसे परत घेणारे, हा हिशेब संगणकाच्या तक्त्यात घालतात. तिथे आत येण्याची तारीख-वेळ `A1` मध्ये आणि बाहेर पडण्याची `B1` मध्ये असेल, तर वर पूर्ण केलेले तास काढायला सरळ चोवीसने गुणून `ROUNDUP` लावण्याचा मोह होतो. पण तक्ता वेळ ही दिवसाचा अपूर्णांक म्हणून साठवतो आणि त्या अपूर्णांकात शेवटच्या घरात बारीक फरक राहतो. त्यामुळे बरोबर तीन तास कधी कधी तीनहून केसभर जास्त निघतात आणि वर पूर्ण करताना चार होतात. म्हणून आधी पूर्ण मिनिटे करून घ्यावीत आणि मगच तास:

```
=ROUNDUP(ROUND((B1-A1)*1440,0)/60,0)
```

चोवीस तासांचे पूर्ण दिवस वेगळे काढायचे असतील, तर मिनिटांना १,४४० ने भागावे. भागाकार म्हणजे दिवस, बाकी म्हणजे उरलेला तुकडा.

राहिला तो चार पद्धतींचा प्रश्न. फाटकावर विचारले तर ‘साहेब, मशीन जे दाखवेल ते’ असे उत्तर मिळते, आणि ते खरेही असते. खिडकीतल्या माणसाने दर ठरवलेले नसतात. पण यंत्राने छापलेल्या पावतीवरून त्याचा नियम उलट काढता येतो. आपल्या कुटुंबाच्या पावतीवर १,०१० आले, तर दिवसानंतर सरळ तासाचा दर चालतो. १,०५० आले, तर टप्पे नव्याने सुरू होतात. १,२०० आले, तर मात्र दोन शक्यता उरतात: दिवस न तोडण्याची आणि कॅलेंडरची. दुपारी १२.२५ ची वेळ या दोघांना वेगळे करू शकत नाही. हेच कुटुंब रविवारी सकाळी ८.५० ला बाहेर पडले असते, तर करू शकले असते. दिवस न तोडणाऱ्या यंत्राने तेव्हाही १,२०० च मागितले असते. कॅलेंडरवाल्याने रविवारचे नऊ तास धरून ३१० लावले असते, एकूण १,११०. टप्पे नव्याने सुरू करणाऱ्याने उरलेल्या तीन तास दहा मिनिटांचे चार तास धरून ९६० सांगितले असते आणि सरळ तासाच्या दराने ९२० झाले असते. चार नियम, चार वेगळ्या रकमा. त्या वेळेची एक पावती जपून ठेवली असेल, तर पुढच्या लग्नाला ग्रुपवर मामांना एकच उत्तर देता येईल, अर्थात तोवर दर बदलले नसतील तर.